आत्याचे पंधरा हजार कुठेही गेलेले नाहीत

«नेट बँकिंगने आयपीओ भरू नका! पैसे लगेच कंपनीच्या खात्यात जातात. शेअर नाही लागले तर रिफंड महिन्याने, व्याजही बुडते. लवकर हवा असेल तर खालच्या लिंकवर डीमॅट नंबर आणि ओटीपी टाका.»

हे आत्याने मला पाठवलं, खाली एकच ओळ: "खरं का रे हे? मी परवाच भरलाय." लिंक अजून उघडली नव्हती, हे नशीब.

आधी लिंकचंच बोलू, बाकीचं नंतर. न लागलेल्या शेअरचे पैसे मागायचेच नसतात, कारण ते खात्यातून गेलेलेच नसतात, बँकेने फक्त अडकवून ठेवलेले असतात. कुणाला किती शेअर लागले याची फाइल वाटपाचा हिशोब ठेवणारा रजिस्ट्रार बँकेला देतो आणि बँक आपली आपण अडवणूक उठवते. त्यात ग्राहकाचा ओटीपी कुठेच लागत नाही. शेअर लागले का हे रजिस्ट्रारच्या किंवा एक्स्चेंजच्या साइटवर पॅन टाकून दिसतं. मग ओटीपी मागणाऱ्याला काय हवंय, ते उघड आहे.

आता पैशांचं. पैसे न कापता खात्यातच अडकवून ठेवायची ही अस्बा पद्धत २००८ पासून आहे आणि जानेवारी २०१६ पासून सगळ्यांना सक्तीची. आत्याच्या खात्यात ६०,००० होते. शेअरच्या भावाचा पट्टा ९५ ते १०० रुपये, लॉट म्हणजे कमीत कमी घ्यायचा गठ्ठा १५० शेअरचा. तिने कट-ऑफ, म्हणजे शेवटी ठरेल तो भाव, निवडला, म्हणून वरच्या भावाने १५,००० अडकले. शिल्लक ६०,०००च, फक्त वापरायला ४५,०००. लॉट लागला आणि भाव ९८ ठरला तर १४,७०० कापले जातील, ३०० मोकळे होतील. नाही लागला तर सगळेच मोकळे. व्याज? पैसे खात्यातच आहेत, बचत खात्याचं व्याज चालूच राहतं. अडीच टक्के धरले तर पाच दिवसांचे पाच रुपये. तेही बुडत नाहीत.

महिना वगैरे जुन्या चेकच्या जमान्यातलं. सेबीच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार, जे १ डिसेंबर २०२३ पासून सक्तीचं झालं, इश्यू बुधवारी बंद झाला तर गुरुवारी वाटप ठरतं, शुक्रवारी पैसे सुटतात, सोमवारी शेअर बाजारात येतो. मधे सुट्टी आली तर तेवढं पुढे.

एक मात्र कबूल करावं लागेल: अडकलेले पैसे खरंच वापरता येत नाहीत. हप्त्याची तारीख त्याच आठवड्यात असेल तर हप्ता परत जाऊ शकतो; माझा एकदा गेलाय, दंडासकट. आणि बँका कधीकधी सोडायला उशीर करतात. त्यावर सेबीने दिवसाला १०० रुपये किंवा वार्षिक १५ टक्के, यातलं जे जास्त ते बँकेने द्यायचं ठरवलंय. शुक्रवार उलटला तर अर्ज क्रमांक घेऊन बँकेकडे लेखी तक्रार करायची, लिंककडे नाही.

आत्याला एवढंच कळवलं: स्टेटमेंटमध्ये 'लीन', म्हणजे अडकलेली, असं लिहिलेली रक्कम बघ, आणि तो मेसेज ज्याने पाठवला त्याला आधी फोन लाव.