येतो

मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना थाटून मला बारा वर्षं झाली. त्यातली पहिली दहा मी या 'येतो'वर शब्दशः विश्वास ठेवण्यात घालवली.

गुरुवार, सकाळचे साडेअकरा. निर्जंतुक हत्यारांचं पाकीट तयार, खुर्ची तयार, मी तयार. नाहीत फक्त ऊसवाले काका. आठ दिवसांपूर्वी हेच काका गालाला मफलर बांधून रात्री नऊला दार वाजवत होते. खालची दाढ, रूट कॅनॉल. मी दाढ उघडली, आतला सडका भाग काढला, मुळांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. काका त्या रात्री शांत झोपले, आणि घोटाळा तिथेच झाला. पेशंटला दवाखान्यात खेचून आणण्यात ठणक्याचा हात कोणी धरणार नाही, आणि हा ठणका मी पहिल्याच भेटीत स्वतःच्या हाताने बंद करते.

तात्पुरतं सिमेंट म्हणजे पावसाळ्यात गोठ्यावर टाकलेली ताडपत्री. काही आठवडे निभावते, मग कडेने गळायला लागते. लाळ आत शिरते, पाठोपाठ जंतू शिरतात, आणि आतून पोखरलेली दाढ टोपीवाचून भाकरीचा कडक पापुद्राही सोसत नाही. काका आले ते आठ महिन्यांनी. म्हणाले, "मॅडम, तुमचं सिमेंट पडलं." सिमेंटाबरोबर अर्धी दाढही पडली होती, आणि उरलेली मुळापर्यंत चिरली होती. ती काढावी लागली. काका मात्र गावभर सांगत सुटले की रूट कॅनॉल टिकत नाही.

त्या रात्री मी अपॉइंटमेंटची वही घेऊन बसले. काकांचं नाव मार्चमधल्या एका पानावर होतं आणि पुढे काट मारलेली होती. बस. पान उलटलं तसे काका संपले. या वहीला जे येणार आहेत तेवढेच ठाऊक असतात. ज्यांनी यायला हवं होतं पण तारीखच घेतली नाही, ते तिच्या लेखी जन्मालाच आले नव्हते. त्यांचे केसपेपर मात्र कपाटात सुखाने नांदत होते, 'प' अक्षराखाली, तमाम पाटलांच्या गर्दीत.

मग दोन रविवार मी आणि आमच्या मदतनीस ताईंनी कपाट उपसलं. अर्धवट सोडलेल्या एकतीस दाढा सापडल्या. ताई फोनला बसल्या. एकाने ती दाढ पुण्यात काढून घेतली होती. एकाचा नंबर आता कुठल्याशा ट्रॅक्टर शोरूमचा होता. एका घरी सूनबाईंनी फार शांतपणे सांगितलं की आजोबांना जाऊन चार महिने झाले. ताईंनी सवयीने "बरं, मग कधी येतील?" असं विचारलं, आणि त्यानंतर अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींकडे बघितलं नाही.

नंतर चपलांचा एक खोका आणला. त्यात पुठ्ठ्याचे एकतीस कप्पे चालू महिन्याच्या तारखांचे आणि मागे बारा कप्पे महिन्यांचे. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. ते त्याच्या नावाप्रमाणे लावायचं नाही, पुढे ज्या तारखेला त्याने यायचं त्या कप्प्यात उभं करायचं. सहा महिन्यांनी दात साफ करायचे असतील तर त्या महिन्याच्या कप्प्यात. महिना उजाडला की त्यातली कार्डं तारखांवर वाटायची. नियम एकच: 'पुढची तारीख' किंवा 'काम पूर्ण' यांपैकी काहीतरी लिहिल्याशिवाय कार्ड हातातून सोडायचं नाही, आणि ते लिहायचं पेशंट खुर्चीत असतानाच. संध्याकाळी आजच्या कप्प्यात जे कार्ड उरेल तो आजचा बुडवा. ते लाल कप्प्यात जातं आणि त्याच संध्याकाळी फोन होतो. हेच काम कॉम्प्युटरवरही होतं, पण आमच्याकडे वीज पेशंटांइतकीच बेभरवशाची आहे.

आधीच्या केसपेपरवर दाढ कितवी, मुळं किती, हे अगदी चोख असायचं. माणसाचा मात्र पत्ता नसायचा. आता कार्डावर फोन कोणाचा आणि तो दिवसा कोणाच्या खिशात असतो, गाव कोणतं, एसटी किती वाजता, हेही असतं. गुरुवारी आमच्याकडे आठवड्याचा बाजार. वाड्यावस्त्यांवरच्या माणसाला मी मंगळवार देत होते, म्हणजे एका दाढेसाठी आख्खा दिवस मोडायचा. गुरुवार दिला की तो मेथीच्या जुड्या विकता विकता दाढही करून जातो. अमावास्येला दात काढायला कोणी येत नाही, हे कळायला मला पाच वर्षं लागली. भिंतीवर कालनिर्णय पहिल्या दिवसापासून होतं.

मोबाईलवरच्या निरोपांनी वेगळाच धडा दिला. "उद्या ११ वाजता दवाखान्यात यावे" असा निरोप बुधवारी पाठवला, तर ज्यांनी तो गुरुवारी वाचला ते शुक्रवारी अकराला हजर. तेव्हापासून 'उद्या' हा शब्द बाद. वार आणि तारीख लिहायची. दुसरा निरोप होता "आपली कवळी तयार आहे." तो गेला जावयाच्या फोनवर, आणि सासूबाईंनी कवळीची गोष्ट जावयापासून चार वर्षं लपवली होती. (ही दुसरी कवळी होती.) आता निरोपात फक्त नाव, वार, तारीख, वेळ. तोंडातली गोष्ट तोंडातच.

फोनवर "येणार ना?" असं विचारू नये, हे ताईंनी शोधून काढलं. त्याला एकच उत्तर असतं आणि त्याचा काही अर्थ नसतो. त्या विचारतात, "कोणत्या गाडीने येताय?" येणारा गाडी सांगतो. न येणारा घुटमळतो, मग आम्ही तिथेच तारीख बदलतो. काहींचं घुटमळणं वेगळं निघालं. लाल कप्प्यातल्या बऱ्याच कार्डांवर बाकी होती, कुठे पाचशे, कुठे सातशे. माणूस दाढेला भीत नव्हता, माझ्या नजरेला भीत होता. तेव्हापासून बोलावण्याच्या फोनमध्ये पैशाचा विषय काढायचा नाही असं ठरलं. त्यातून निम्मे आले. उरलेल्यांपुढे खोकं काही करू शकत नाही. तीन फोन करायचे, केले म्हणून कार्डावर लिहायचं आणि सोडून द्यायचं.

ऊसवाल्या काकांची डावीकडची दाढ किडली तेव्हा मात्र मी पुढची तारीख त्यांच्याच हाताने कार्डावर लिहून घेतली. ताईंनी आदल्या दिवशी फोन केला. काका म्हणाले, "साडेदहाच्या गाडीने." आणि खरंच आले.

पण त्या गुरुवारी सगळेच आले. निम्मे येतच नाहीत म्हणून एकेका वेळेला दोन-दोन नावं लिहायची माझी जुनी सवय. खोकं आणलं, ती काढायची राहिली. बाकावर सात जण, पायरीवर तीन, शिवाय मेथीची टोपली. काका पाऊण वाजेपर्यंत बसले. मग उठले, मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, अकरा लिहिलेत. माझ्या हाताने लिहिलेत."

मग टोपी घातली, "येतो" म्हणाले आणि जिना उतरले.

त्यांचं कार्ड लाल कप्प्यात घालायला ताईंनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. "पण मॅडम," त्या म्हणाल्या, "आज चुकलं कोण?"