नफा वहीत आहे, पैसा कुठे आहे?

“नफा दरवर्षी वाढतोय ना? मग डोळे झाकून शेअर घ्या. कर्ज कुठल्या कंपनीला नसतं? आणि कॅश फ्लो बघणं हे सीए लोकांचं काम.”

शेअर घेताना असा सल्ला अनेकदा कानावर येतो. त्यातलं आधी नफ्याचं बघू. माल उधारीवर गेला तरी विक्री धरली जाते आणि नफा दिसतो. पैसे मात्र अजून गिऱ्हाइकाकडेच असतात.

समजा, पंप बनवणारी एक कंपनी आहे. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. विक्री 160 कोटींवरून 200 कोटी झाली, निव्वळ नफा 18 कोटी. छान वाटतं. पण ताळेबंदात गिऱ्हाइकांकडची येणी 40 कोटींवरून 70 कोटींवर गेलीत. म्हणजे पूर्वी पैसे यायला सुमारे 91 दिवस लागायचे, आता 128 लागतात. माल खपावा म्हणून उधारी सैल सोडलेली असू शकते.

आता कॅश फ्लो, म्हणजे प्रत्यक्ष आलेला-गेलेला पैसा. व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा 42 कोटी. त्यातून वाढलेली उधारी 30 कोटी आणि कर 6 कोटी गेला. धंद्यातून हाती आले 6 कोटी. ही वजाबाकी कुणालाही जमते, त्याला सीए कशाला हवा?

इथे नवखे हमखास एका गोष्टीला फसतात. आपल्याकडच्या लेखापद्धतीत बहुतेक कंपन्यांनी भरलेलं व्याज या 6 कोटींतून वजा झालेलंच नसतं. ते कॅश फ्लोच्या तक्त्यात खाली, कर्ज आणि भांडवलाची देवघेव दाखवणाऱ्या ‘फायनान्सिंग’च्या भागात असतं. या कंपनीचं व्याज 12 कोटी. म्हणजे 18 कोटी नफा दाखवणाऱ्या कंपनीला व्याज भरायलाच 6 कोटी कमी पडले, नवी मशिनरी तर दूरच. हे पैसे बहुधा नव्या कर्जातून येतात, आणि पुढच्या वर्षी व्याज आणखी वाढतं.

म्हणून कर्ज आहे की नाही, एवढ्यावर थांबू नका. ते कशाने फिटतंय ते बघा. कारखान्यासाठी घेतलेलं आणि धंद्याच्या पैशातून फिटणारं कर्ज मला खटकत नाही. गिऱ्हाइकांकडे अडकलेल्या पैशाची तूट भरायला घेतलेलं खटकतं.

मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा टक्का, बघताना ‘इतर उत्पन्न’ बाजूला काढा. जमीन विकून वाढलेला नफा पुढच्या वर्षी येत नाही. आणि मार्जिन त्याच धंद्यातल्या कंपन्यांशीच ताडून बघा. सत्यम या आयटी कंपनीने सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत 24 टक्के मार्जिन दाखवलं होतं. खरं 3 टक्केच होतं, हे जानेवारी 2009 मध्ये अध्यक्षांनीच कबूल केलं. तिथे बँकेतली रोकडसुद्धा खोटी होती, त्यामुळे अशा फसवणुकीपुढे वरची वजाबाकीही तोकडी पडते.

कॅश फ्लो जूनच्या निकालात शोधू नका, तो सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांत मिळतो. पाच वर्षांचा नफा आणि धंद्यातून आलेली रोकड यांची बेरीज शेजारी मांडा. एखाद्या वर्षी रोकड कमी पडू शकते, पण पाच वर्षांच्या बेरजेतही ती नफ्यापेक्षा फारच कमी असेल तर सावध व्हा. बँका आणि फायनान्स कंपन्यांना मात्र हे गणित लावू नका. कर्ज हा त्यांचा कच्चा मालच असतो.