लॅफरची टेकडी आणि फॉरवर्डचं गणित

“लॅफर कर्व्हने सिद्ध केलंय की कर कमी केला की महसूल वाढतो. आपल्याकडे ९७.७५ टक्के कर होता, तो उतरवला आणि तिजोरी भरली. आता ३० चा १५ करा, आणखी भरेल. सरकारला अक्कल असती तर जास्तीत जास्त महसूल देणारा दर शोधून तिथेच थांबलं असतं.”

असा एक फॉरवर्ड फिरतोय. आधी वक्ररेषा. लॅफर कर्व्ह म्हणजे कराचा दर बदलला की महसूल कसा बदलतो ते दाखवणारी रेषा. समजा कर शून्य असताना लोक १०० कोटींचं करपात्र उत्पन्न दाखवतात आणि दर t वाढेल तसं ते सरळ रेषेत घटतं. मग महसूल असा:

```
R = 100 × t × (1 − t)
dR/dt = 100 × (1 − 2t) = 0  →  t = 0.5
```

३० टक्क्यांना २१ कोटी, ५० ला २५, ७० ला पुन्हा २१. म्हणजे टेकडी आहे. तुम्ही तिच्या उजव्या उतारावर असाल तरच दर कमी केल्यावर महसूल वाढतो. डाव्या उतारावर तो घटतो. आणि हे ५० टक्के काही दैवी नाहीत, ते मी धरलेल्या सरळ रेषेतून आले. उत्पन्न (1 − t)^e या प्रमाणात बदलतं असं धरलं तर शिखर 1/(1 + e) वर येतं. e म्हणजे लोक कराला किती बिचकतात त्याचं माप. ते ०.२५ असेल तर शिखर ८० टक्क्यांवर, १ असेल तर ५० वर.

इतिहासाची गोष्ट अर्धी खरी आहे. १९७३-७४ मध्ये दोन लाखांवरच्या उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के अधिभार मिळून ९७.७५ टक्के जात. शंभरातले सव्वादोन रुपये हातात! पुढच्याच अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाणांनी हा दर ७७ वर आणला. हातात येणारे सव्वादोन रुपये २३ झाले, म्हणजे दहापट. एवढा फरक पडला तर दडवलेलं उत्पन्न उघड करावंसं वाटेल. पण ३० चा १५ केल्यावर हातातले ७० चे ८५ होतात, जेमतेम २१ टक्के वाढ. तेवढ्यावर महसूल नुसता टिकवायलाच दाखवलेलं उत्पन्न दुप्पट व्हावं लागेल. त्यासाठी e साडेतीनच्या वर हवा, म्हणजे शिखर २२ टक्क्यांच्या आसपास. फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा हिशेब केला असेल असं वाटत नाही.

अलीकडचं उदाहरणही आहेच. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी ३० वरून २२ टक्के झाला. त्यात वर्षाला १.४५ लाख कोटी सोडावे लागतील, असं सरकारनेच सांगितलं होतं. कंपनी कर २०१८-१९ मध्ये सुमारे ६.६ लाख कोटी होता, २०१९-२० मध्ये ५.६ झाला. सगळी घट दराने झाली असं नाही, मंदीही होती. २०२१-२२ मध्ये ७.१ लाख कोटी आले हे खरं, पण तोवर अर्थव्यवस्थाही फुगली होती. जीडीपीच्या हिशेबात साडेतीन टक्क्यांचे तीन झाले. गुंतवणुकीसाठी कपात योग्य होती का, हा वेगळा वाद.

आता शिखरावर न थांबण्याची अक्कल. एक डॉक्टरीणबाई संध्याकाळी एक तास जादा दवाखाना चालवतात. तासाचे २००० मिळतात आणि त्यांच्या मते त्या दमणुकीची किंमत १२०० आहे. कर ३५ टक्के असताना हातात १३०० येतात. दवाखाना उघडा, सरकारला ७००. कर ४५ झाला की हातात ११००, शटर खाली. सरकारचे ७०० गेले, बाईंचे १०० गेले. हे ८०० कोणाच्याच खिशात गेले नाहीत.

वरच्या सूत्रात ही नासाडी 50 × t² कोटी येते. दर शून्यावरून १० केला तर तिजोरीत ९ कोटी येतात, नासाडी अर्धा कोटी. सौदा चांगला. पण ४९ वरून ५० केला तर तिजोरीत येतो फक्त १ लाख आणि नासाडी वाढते साडेएकोणपन्नास लाखांनी. शिखराजवळ टेकडी सपाट असते, नासाडी मात्र चढतच राहते. त्यामुळे शहाणं सरकार शिखराच्या बरंच अलीकडे थांबतं. ९७.७५ टक्क्यांसारखे दर पलीकडे गेले, कारण तेव्हाचा एक हेतू विषमता कमी करणं हा होता.

शिवाय शिखर एका जागी राहतही नाही. पगारदाराचा कर टीडीएसने आधीच कापला जातो, त्याला बिचकायला जागा कमी. रोखीत धंदा करणारा पावतीच फाडत नाही. दर दोघांना एकच, e मात्र वेगवेगळा. आणि पळवाटा बुजवल्या की e घटतो व शिखर उजवीकडे सरकतं, दराला हातही न लावता.