तीन वर्षांत डाउन पेमेंट? हिशेब अपुरा आहे

‘हाती ४ लाख आणि महिना १५ हजारांची एसआयपी, १२ टक्क्यांनी तीन वर्षांत ६० लाखांच्या घराचं डाउन पेमेंट तयार.’

यात १२ लाख, म्हणजे २० टक्केच धरले आहेत. पुण्यात पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, वर नोंदणीचे ३० हजार. बँक सहसा हे कर्जात धरत नाही. गरज साडेसोळा लाखांची.

शिवाय तीन वर्षांसाठी शेअर बाजारातले १२ टक्के धरणं मला धोक्याचं वाटतं. ऐन खरेदीच्या वर्षी बाजार पडू शकतो. ७ टक्के धरले तर पाच वर्षं लागतात. तोवर घर थांबतं का? किंमत वर्षाला ५ टक्के वाढली, तर सात वर्षांहून थोडं जास्त.