टांग द्यायची आहे? फ्रेंचमध्ये द्या!

मैत्रिणीबरोबर आनसीची सहल ठरली आहे, तळ्याजवळचं झीत, म्हणजे भाड्याचं सुट्टीघर, घेऊन झालंय, उद्या सकाळी ल्योंहून गाडी आहे आणि तुम्हाला अचानक कंटाळा आलाय? काळजी नको. माफी फ्रेंचमध्ये मागा. दोघी नाशिकच्या असलात तर आवर्जून फ्रेंचमध्येच. मराठीत "येत नाही गं" म्हटलं की लगेच "का?" येतं.

फोन करायचा नाही. रात्री उशिरा मेसेज टाकायचा आणि झोपायचं.

सुरुवात "झ स्वी व्रेमाँ देझोले" अशी, म्हणजे अगदी मनापासून सॉरी. "झ मेक्स्क्यूझ" टाळा. काटेकोर फ्रेंच माणसं म्हणतात, त्यात आपणच आपल्याला माफ करतो. तुम्ही तेच करताय, पण दिसू कशाला द्या?

कारण म्हणून "जे अँ आँपेशमाँ" पुरे. अडचण आली. कसली, ते फ्रान्समध्ये सभ्य माणूस विचारत नाही. आजारपण, ऑफिस, आळस, सगळं त्यात मावतं.

मग "जोरे आदोरे वनीर", यायला फार आवडलं असतं. आवडलं असतं तर यायचं होतं ना!

पुढे "स ने क पार्ती रमीझ": रद्द नाही, फक्त पुढे ढकललंय. तारीख चुकूनही लिहू नका.

पैशांचा उल्लेख तर नकोच. झीतसाठी आगाऊ भरलेली रक्कम फ्रेंच कायद्यात दोन प्रकारची असते. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर ती 'आर' धरतात. आपण रद्द केलं की ती बुडते, पण तेवढ्यावर सुटका होते. करारात 'आकाँत' असेल तर सुटकाच नाही, मालक पूर्ण भाडंसुद्धा मागू शकतो. आमचं आकाँत होतं. करार माझ्या नावावर, सही माझी. म्हणजे दोघींच्या झीतचं अख्खं भाडं एकटीनं भरायचं, दोन पलंगांच्या खोलीत एकटीनं झोपायचं आणि मालकीणबाईंनी "तुमची मैत्रीण कुठाय?" विचारलं की आपणच तिच्या वतीनं आँपेशमाँ म्हणायचं! आणि त्याच दुपारी बाईसाहेबांच्या स्टेटसवर ल्योंमधल्याच कुठल्याशा टेरेसवरचा कॉफीचा कप!

शेवटी "बिझू". पाप्या पाठवल्या की हिशेब मिटला.

बास. अगं, माफीच मागायची होती तर फ्रेंचमध्येही सरळ मागता येते. कारण एका वाक्यात खरं सांगायचं, "तुला अडचणीत टाकलं" हे कबूल करायचं आणि "झ त राँबूर्स मा पार" लिहायचं. माझा वाटा परत करते. चार-पाच शब्द. बी-टूची परीक्षा पास झालीस ना? मग एवढंच कसं येत नाही? जायचं नव्हतं तर आठवडाभर आधी बोलायचंस, मी दुसरं कोणीतरी बघितलं असतं. माझा आयबॅन तुझ्याकडे आहे. पैसे आजच पाठव आणि फोन उचल. मराठीत बोलायचंय.