नुसतं ‘कितीला?’ विचारणाऱ्याला काय सांगावं

मार्च उजाडला, बागेतला पहिला हापूस पेट्यांत बसला आणि तुम्ही व्हॉट्सॅपवरच्या सगळ्या ओळखीच्यांना एका दमात आठ फोटो पाठवलेत. चार डझनाची पेटी, पाच डझनाची पेटी, पिकल्या आंब्यांचा दोन डझनाचा बॉक्स, आमरसाचे डबे, फणसपोळी, कोकम आगळ, ओले काजूगर आणि चुकून गेलेला घरचा कुत्रा. पाच मिनिटांत पहिलं उत्तर येतं: ‘कितीला?’

कुत्रा धरून आठ शक्यता आहेत. तरीही ‘कशाचा भाव हवाय?’ असं चुकूनही विचारू नका. गिऱ्हाईक भाव विचारतंय आणि तुम्ही त्यालाच उलट प्रश्न करताय, हा शुद्ध माजोरीपणा झाला. शिवाय त्याला पुन्हा वर जाऊन फोटो बघावे लागतील, ते कष्ट वेगळेच.

सरळ एक आकडा लिहा. डझन, पेटी, किलो असलं शेपूट लावू नका. ‘९००’ एवढंच पुरे.

आता हापूसचा भाव कशाकशावर ठरतो ते तुम्हाला पाठ आहे. पेटीचं माप साधारण तेच, म्हणून मोठं फळ चार डझन मावतं, मध्यम पाच आणि लहान सहा डझन. म्हणजे पेटीत आंबे जितके कमी, तितका डझनाचा भाव चढा. (हे पुण्याच्या पाहुण्याला समजावून बघा. आपल्याला गंडवलं जातंय, अशी त्याची तिथल्या तिथे खात्री पटते.) त्यात मार्चचा भाव मे महिन्यात राहत नाही, माल वाढला की उतरतो. कच्चा आंबा परवडतो, पिकवून आणि निवडून दिलेल्याला जास्त पडतात. देवगडहून ठाण्याला पोचवायचं भाडं निराळंच. हे सगळं तुम्ही त्या एका ‘९००’मध्ये कोंबलंत, याबद्दल शाबासकी घ्या.

पलीकडे काय होतं ते बघा. गृहस्थांनी पाच डझनाच्या पेटीचा फोटो मनात धरलेला असतो. ते लगेच यूपीआयवरून ९०० रुपये पाठवतात, खाली पत्ता टाकतात आणि ‘सकाळपर्यंत पोचू दे’ अशी आज्ञाही करतात. तुम्ही नम्रपणे कळवता, ‘दादा, ९०० हा डझनाचा भाव. पेटी ४५०० ची, भाडं वेगळं.’ त्यावर ‘मग आधी नीट सांगायचं ना!’ हे ठरलेलं उत्तर येतं. तुम्ही पैसे परत करता आणि संध्याकाळी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरते की कोकणातली माणसं पैसे घेऊन शब्द फिरवतात. एका आकड्यात एवढी प्रसिद्धी! जाहिरातीला किती पडले असते?

हे टाळायचा मोह काही बागायतदारांना होतो. ते प्रत्येक फोटोला नंबर देतात आणि खाली लिहितात, ‘नं. २, देवगड हापूस, कच्चा, पाच डझन, फळ साधारण अडीचशे ग्रॅम, आजचा भाव पेटीला इतका, पुण्यापर्यंत पोच धरून.’ बिचाऱ्यांना मग ‘नं. २ च्या दोन पेट्या’ असले रुक्ष मेसेज येतात. डझन साधारण तीन किलोचा बसतो हेही गिऱ्हाईक स्वतःच काढतं आणि कोपऱ्यावरच्या किलोच्या भावाशी ताडून बघतं. माल जातो, पण बोलायला कोणी उरत नाही. तुम्ही या वाटेला जाऊ नका. फोटोखाली ‘भावासाठी मेसेज करा’ एवढंच लिहा. आपण भाव लपवायचा आणि त्यांनी वस्तू लपवायची, यात कोण कोणाला नावं ठेवणार? खरं सांगायचं तर सुरुवात बहुतेक वेळा आपल्याच बाजूने झालेली असते.

त्यातला पोचलेला माणूस ‘कितीला?’ विचारतच नाही. तो पहिल्याच मेसेजात ‘लास्ट किती?’ असं टाकतो. पहिला भाव अजून कोणी उच्चारलेला नाही, वस्तू कुठली ते ठरलेलं नाही, तरी घासाघीस संपत आलेली आहे. अशा माणसाला ताबडतोब शंभर रुपये कमी करा. कशातून, ते विचारू नका. तो म्हणेल, ‘घरी विचारून कळवतो.’

पेटी त्याच्यासाठी बाजूला ठेवा. कच्चा हापूस पेंढ्यात पिकायला आठ-दहा दिवस घेतो, तेवढ्यात त्याचं घरी विचारून होईल. नाहीच झालं, तर त्या आंब्यांचा रस काढा, डब्यांत भरा आणि त्याचाही फोटो सगळ्यांना पाठवा, अर्थातच भाव न लिहिता.