एकच व्हिडिओ गाजलेल्या चॅनेलच्या रिपोर्टमध्ये आम्ही मध्यक का लिहितो

★☆☆☆☆ «माझ्या चॅनेलची सरासरी चाळीस हजारांच्या वर आहे. यांनी रिपोर्टमध्ये ‘नेहमीचा व्हिडिओ : सुमारे तीन हजार’ असं लिहिलं. सर्वात चाललेला व्हिडिओ धरलाच नाही. मेहनतीनं मिळालेले व्ह्यूज गायब करणारा रिपोर्ट स्पॉन्सरला काय दाखवू?»

नमस्कार. तुमचा गाजलेला व्हिडिओ आम्ही वगळलेला नाही. तो यादीत आहे आणि मोजलाही आहे. फक्त तो एक व्हिडिओ म्हणून मोजला आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

तुमचे आकडे इथे चारचौघांत मांडणं योग्य नाही, म्हणून त्याच घडणीचं पंधरा व्हिडिओंचं एक काल्पनिक चॅनेल घेतो. व्ह्यूज चढत्या क्रमानं असे आहेत : १,९००, २,१००, २,४००, २,६००, २,७००, २,९००, ३,०००, ३,२००, ३,३००, ३,५००, ३,८००, ४,१००, ४,६००, ५,९०० आणि शेवटचा ६,५४,०००. बेरीज बरोबर सात लाख. पंधरानं भागलं की सरासरी येते ४६,६६७ च्या आसपास. भागाकारात काहीही चूक नाही. पण हा आकडा हातात धरून पुन्हा यादी पाहा. छेचाळीस हजारांच्या जवळपास फिरकलेला एकही व्हिडिओ त्यात नाही. पंधरापैकी चौदा सरासरीच्या खाली आहेत, आणि गाजलेला सोडला तर सगळ्यात वरच्या व्हिडिओच्याही जवळजवळ आठपट ही सरासरी आहे. ज्या आकड्याचा व्हिडिओ चॅनेलवर कधी झालाच नाही, त्याला आम्ही ‘नेहमीचा’ म्हणू शकत नाही.

मध्यक म्हणजे त्या ओळीतला बरोबर मधला, आठवा व्हिडिओ : ३,२००. सात त्याच्या खाली, सात वर. गाजलेला व्हिडिओ वरच्या सातांपैकी एक आहे. समजा उद्या त्याचे व्ह्यूज दुप्पट होऊन १३,०८,००० झाले. सरासरी उडी मारून नव्वद हजारांच्या पुढे जाईल, मध्यक ३,२०० वरच राहील. बाकीच्या चौदा व्हिडिओंचं त्यात काहीच बदललेलं नाही, त्यामुळे त्यांचं वर्णन करणारा आकडाही बदलायला नको.

काही जण सुचवतात की गाजलेला बाजूला काढा आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. इथे ती ३,२८६ येते, मध्यकाच्या अगदी शेजारी. तरी आम्ही तो रस्ता टाळतो. आज एकच व्हिडिओ उघड वेगळा दिसतो. पुढे वीस हजारांचा एक आणि साठ हजारांचा एक आला, की कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे कोणीतरी मनानं ठरवावं लागतं. रिपोर्ट बनवणाऱ्याच्या मर्जीवर तुमचा आकडा हलू नये, असं मला मनापासून वाटतं. मध्यकात कोणालाच काढावं लागत नाही.

व्ह्यूजचं असं का होतं, हेही सांगायला हवं. व्हिडिओला प्रेक्षक एकेक करून मिळत नाहीत. सुरुवातीला ज्यांना दिसला त्यांनी क्लिक केलं आणि टिकून पाहिलं, तर तो आणखी लोकांना सुचवला जातो, त्यांनीही पाहिला तर आणखी. वाढ बेरजेनं होत नाही, गुणाकारानं होते. म्हणून बहुतेक व्हिडिओ खालच्या टप्प्यात दाटीनं राहतात आणि एखादा शंभरपट, दोनशेपट वर निघून जातो. खाली जायला मात्र शून्याची भिंत आहे. अशा एकांगी पसाऱ्यात सरासरी नेहमी त्या एकट्याच्या बाजूला ओढली जाते.

आता स्पॉन्सरचा मुद्दा, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. सरासरी निरुपयोगी नाही. एकूण किती व्ह्यूज झाले, एकूण जाहिरात उत्पन्न किती, हे प्रश्न बेरजेचे आहेत आणि तिथे सरासरीच चालते. पण स्पॉन्सर तुमचा पुढचा एक व्हिडिओ विकत घेतो. त्याला छेचाळीस हजार सांगितले आणि साडेतीन हजार मिळाले, तर तो दुसऱ्यांदा येत नाही. दुसरीकडे, पुन्हा एखादा व्हिडिओ गाजण्याची शक्यता तुमच्याकडे आहेच, आणि तिची किंमत फुकट जाऊ नये. म्हणून मूळ दर मध्यकावर ठरवा आणि करारात अट घाला की ठरलेल्या मुदतीत व्ह्यूज अमुक आकड्यावर गेले तर वरची रक्कम मिळेल. गाजला तर पैसे तुम्हाला, नाही गाजला तर शब्द मोडला असं होत नाही. रिपोर्टमध्ये मध्यकाखाली आम्ही पट्टाही देतो तो याचसाठी : वरच्या उदाहरणात चौथ्या ते बाराव्या क्रमांकाचे नऊ व्हिडिओ २,६०० ते ४,१०० मध्ये आहेत. स्पॉन्सरला हा पट्टा दाखवा. एकट्या आकड्यापेक्षा त्यावर त्याचा विश्वास लवकर बसतो.

मध्यकाच्याही मर्यादा आहेत. शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ एकत्र केले तर मधला आकडा दोन्हींपैकी कशाचाच नसतो, शिवाय ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू धरतं, त्यामुळे दोन्हींचं माप एक नाही. आम्ही त्यांचे मध्यक वेगळे काढतो. तसंच कालचा व्हिडिओ आणि दोन वर्षांपूर्वीचा एका रांगेत उभे करता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाचे पहिल्या ३० दिवसांचेच व्ह्यूज घेतो. चार-पाचच व्हिडिओ असतील तर मध्यकावर फार भार टाकू नये.

स्वतः पडताळायचं असेल तर आकडे शीटमध्ये एका रकान्यात घाला. यूट्यूब स्टुडिओतून उतरवलेल्या फाइलमध्ये एकूण बेरजेची ओळही असते, ती आधी काढून टाका, नाहीतर तीच सर्वात मोठा ‘व्हिडिओ’ होऊन बसते.

```
=AVERAGE(B2:B16)
=MEDIAN(B2:B16)
```

दोन्ही उत्तरं जवळजवळ असतील तर कुठलाही आकडा सांगा. सरासरी मध्यकाच्या कितीतरी पट निघाली, तर ती एक-दोन व्हिडिओंवर उभी आहे.

आणि तुमच्या गाजलेल्या व्हिडिओनं चॅनेलला काय दिलं, हे सरासरीतून कळतच नाही. समजा उदाहरणातला तो व्हिडिओ आठवा टाकलेला होता. आधीच्या सातांचा मध्यक २,६०० आणि नंतरच्या सातांचा ३,८०० निघाला, तर नेहमीचा व्हिडिओ जवळपास दीडपट झाला. नव्या प्रेक्षकांपैकी काही थांबले असण्याची ही खूण आहे. शेवटच्या पंधरा व्हिडिओंची सरासरी धरून बसलात, तर गाजलेला त्या पंधरातून बाहेर पडेल त्या दिवशी ती छेचाळीस हजारांवरून काही हजारांवर कोसळेल, चॅनेल प्रत्यक्षात वाढत असलं तरी.

तुमच्या रिपोर्टच्या चौथ्या पानावर आधीचा आणि नंतरचा मध्यक शेजारी शेजारी दिला आहे. स्पॉन्सरकडे जाताना ते पान वर ठेवा. सरासरीही हवी असेल तर पहिल्या पानावर एकूण व्ह्यूजच्या शेजारी तिला जागा करून नवी प्रत पाठवतो, ‘नेहमीचा व्हिडिओ’ या ओळीत मात्र मध्यकच राहील.